मदत हवी आहे: सरकारी नोटीस भावासाठी सोपी करून लिहायची आहे, ओळी कुठे तोडायच्या?

साखळीची_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. बौद्धिक अपंगत्व आहे, पण मराठी वाचतो, सावकाश आणि बोट ठेवून. त्याला दर महिन्याला अर्थसाहाय्य मिळतं. त्याच्या नावावर 3 नोव्हेंबर 2025 ची नोटीस आली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. मजकूर हा, सगळा एकाच वाक्यात:

"उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधित लाभार्थ्यांना याद्वारे कळविण्यात येते की, सदर सूचनेच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत राजपत्रित अधिकारी अथवा बँक व्यवस्थापक यांनी साक्षांकित केलेला हयातीचा दाखला आधारपत्राच्या प्रतीसह या कार्यालयात सादर न केल्यास अर्थसाहाय्य स्थगित करण्यात येईल, तथापि विहित मुदतीत दाखला सादर केलेल्यांचे अर्थसाहाय्य खंडित केले जाणार नाही."

मी वाचून सांगितलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण पत्र त्याच्या नावावर आलंय, ते त्यालाच वाचता यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून छोट्या ओळी करून लिहिलं. सुरुवात अशी होती:

पैसे बंद होणार
नाहीत. जर तू दाखला
तीस दिवसांत दिला तर.

त्याने पहिली ओळ वाचली, कागद उलटा ठेवला आणि रात्री जेवला नाही. चूक माझी झाली हे कळतंय, पण नेमकी कुठे?

फोंडेकर68
ताई, ओळी अजून छोट्या करा. चार-चार शब्दांवर तोडा, अक्षर मोठं करा, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा. आमच्या देवळाच्या सूचना मी अशाच लावतो, मधोमध घेऊन. लोक लांबून वाचतात.

बार्देशची_सून
एवढा त्रास कशाला? हयातीचा दाखला आता मोबाईलवरूनही होतो. माझ्या सासूबाईंच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते, तर चेहरा दाखवून झाला. फक्त उजेडात बसवा.

साखळीची_ताई
बाय, ते निवृत्तिवेतनाचं असेल. या नोटिशीत कागदच मागितलाय. आणि माझा प्रश्न दाखला कसा काढायचा हा नाही, नोटीस कशी लिहायची हा आहे.

पेडण्याचे_मास्तर
मी विशेष शाळेत 19 वर्षं शिकवलं, मुलांसाठी असे कागद तयार करणं हे रोजचं काम होतं.

ताई, तुमचा गोंधळ शब्दांनी केलेला नाही, ओळ जिथे तुटली तिथे झालाय. मराठीत नकार शेवटी येतो. "पैसे बंद होणार" इथे ओळ संपली की सावकाश वाचणाऱ्याच्या मनात तेवढंच पक्कं होतं. पुढच्या ओळीतला "नाहीत" त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी भीती पोचलेली असते. म्हणून क्रियापद आणि "नाही" कधीही वेगळ्या ओळींवर टाकायचे नाहीत. वाक्य ओळीत मावत नसेल तर ओळ तोडू नका, वाक्यच लहान करा. एक ओळ, एक गोष्ट, शेवटी पूर्णविराम.

फोंडेकर, अक्षर मोठं हे बरोबर. इंग्रजीत निदान 14 आकार सांगतात, देवनागरीला मी 16 ते 18 घेतो, कारण त्याच आकारात आपली अक्षरं बारीक दिसतात. पण शब्द मोजून ओळ तोडली की ताईंच्या कागदाचं जे झालं तेच होतं. खालची रेघही नको, ती उकारात अडकते आणि "सुचना" की "सूचना" हे दिसेनासं होतं. ठळक करा. मधोमधही नको. डावी कड सरळ असली की डोळ्याला पुढची ओळ सापडते. दोन्ही कडा सरळ केल्या तर शब्दांमध्ये भोकं पडतात. आणि ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

आता मजकूर. नोटिशीत एकच धमकी दोनदा आहे, एकदा "न केल्यास" म्हणून आणि एकदा "तथापि… नाही" म्हणून. ती एकदाच लिहा आणि शेवटी लिहा. आधी काय करायचं ते येऊ दे. "साक्षांकित" म्हणजे सही आणि शिक्का. "सादर करणे" म्हणजे देणे. राजपत्रित अधिकारी गाळा, बँक जवळ असेल तर एकच वाट दाखवा. मूळ नोटीस सोबत टाचणीने लावून ठेवा, कायद्याने तीच चालते. आणि "तू" नको. 26 वर्षांच्या माणसाला कार्यालय "तुम्ही"च म्हणतं.

साखळीची_ताई
मास्तर, हे वाचून कागद पुन्हा लिहिला. "तीस दिवसांच्या आत" चं काय करू? त्याला मोजता येत नाही.

पेडण्याचे_मास्तर
मोजणी वाचणाऱ्यावर टाकायचीच नाही, तारीख आणि वार लिहायचा. 3 नोव्हेंबरनंतर तीस दिवस म्हणजे 3 डिसेंबर, बुधवार. पण त्या दिवशी जुन्या गोव्याचं फेस्त, राज्यात सुट्टी. कार्यालय बंद.

फोंडेकर68
शेवटच्या दिवशी सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी चालतं, असा नियम आहे. 4 तारीख लिहा.

पेडण्याचे_मास्तर
असा नियम आहे खरा, पण खिडकीवरच्या कारकुनाशी त्यावर वाद घालायची पाळी त्या मुलावर का आणायची? मी 2 डिसेंबर, मंगळवार लिहीन.

सत्तरीचो_भुरगो
पण मग तो सोपा कागद मूळ नोटिशीपेक्षा वेगळं सांगतो. उद्या 2 तारीख चुकली म्हणून कोणी 4 लाही गेला नाही, तर? सोपं करताना अर्थ बदलायचा नाही ना? आणि दुसरं, घरी तुम्ही कोंकणी बोलत असाल. मग मराठीत का?

साखळीची_ताई
घरी कोंकणीच. पण तो शाळेत मराठी वाचायला शिकला, वाचतो ते मराठीच. तारखेचं तुमचं म्हणणं मला पटतं आणि मास्तरांचंही. मी 2 ठेवलीय, कारण हा कागद फक्त त्याच्यासाठी आहे. सगळ्यांसाठी लावायचा असता तर कार्यालयाला विचारलं असतं. आता असं झालंय:

दर महिन्याला तुमच्या खात्यात पैसे येतात.
पैसे पुढेही यावेत म्हणून एक कागद द्यायचा आहे.
त्या कागदाचे नाव हयातीचा दाखला.
हा कागद सगळ्यांना द्यावा लागतो.

कागद घेऊन बँकेत जा.
मॅनेजर सही करतील आणि शिक्का मारतील.
आधार कार्डाची झेरॉक्स सोबत घ्या.
कागद आणि झेरॉक्स कार्यालयात द्या.

शेवटचा दिवस: मंगळवार, 2 डिसेंबर 2025.
उशीर झाला, तर पैसे थांबतील.

आधी "तुम्ही जिवंत आहात हे हा कागद सांगतो" अशी ओळ होती. ती वाचून त्याने विचारलं, "मी मरतलों काय?" म्हणून काढली. त्या जागी "सगळ्यांना द्यावा लागतो" घातली, तेव्हा तो शांत झाला.

पेडण्याचे_मास्तर
"हयातीचा दाखला" ठेवलात ते चांगलं, खिडकीवर तोच शब्द ऐकायला मिळणार. तिथे "प्रमाणपत्र" लिहिलं असतं तर त्याला ते दोन वेगळे कागद वाटले असते. आता त्याला "समजलं?" असं विचारू नका, हो म्हणेल. कुठे जाणार, काय नेणार, कधीपर्यंत, असं विचारा.

साखळीची_ताई
विचारलं. कुठे: बँकेत, बरोबर. कधी: भिंतीवरच्या कॅलेंडरवर 2 तारखेवर बोट ठेवलं. काय नेणार: फक्त आधार कार्ड म्हणाला, कागद विसरला. "त्या कागदाचे नाव" या ओळीशी त्याला काही दिसत नाही, म्हणून असेल. डाव्या बाजूला कोऱ्या दाखल्याचाच फोटो लावू, की हातात कागद धरलेल्या माणसाचं चित्र? चित्र लावून कोणी करून बघितलं असेल तर सांगा. सोमवारी आम्ही बँकेत जातोय, कागद त्याच्याच हातात देणार आहे.