मंगलाष्टकांचे पैसे मागावेत का?

नवखी: ओळखीतल्या लग्नासाठी पाच मंगलाष्टका लिहून दिल्या आणि 3000 रुपये सांगितले. वरमाय म्हणाली, "चार-चार ओळींचे एवढे? पाकीट दिलंच असतं की." माझं चुकलं का? दर सांगायचा तरी कसा?

वाईकर काका: चुकलं. मंगलाष्टक म्हणजे आशीर्वाद. आमची आत्या गावभरच्या लग्नांत लिहायची, खण-नारळावर. आशीर्वादाचं बिल कसलं फाडता?

मुक्तछंद: पैसे घ्या, पण 500 पुष्कळ झाले. साचा ठरलेला, शेवटचं "कुर्यात् सदा मंगलम्" आयतं. नावं बदलली की काम झालं.

लघुगुरू: आयती सातच अक्षरं, तीही कडव्याच्या शेवटच्या ओळीत. मंगलाष्टकाच्या शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला 19 अक्षरं आणि बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. "अनिकेत" म्हणजे लघु-लघु-गुरु-लघु. हे नाव ओळीत चौथ्या अक्षरापासूनच बसतं, दुसरीकडे कुठेही नाही.

आला हा अनिकेत मांडवतळी, कुर्यात् सदा मंगलम्

जमलं. मग लग्नाला चार दिवस असताना फोन येतो, "त्याला घरी बंटी म्हणतात, तेच घाला ना, एकच तर शब्द." बंटीची दोन्ही अक्षरं गुरू आणि तिथे तर दोन लघू हवेत. म्हणजे ओळ नव्यानं लिहा. तशीच ठेवली तर माईकवर मावशी नेमकी तिथेच अडखळते आणि लोक म्हणतात, लिहिणारीला जमलं नाही.

म्हणून मी नावांची यादी आधी लेखी मागते, आजी-आजोबा, मामा, आत्यासकट. कडव्याला 600, निम्मे आधी. यादी त्यांनी नंतर बदलली तर त्या कडव्याचे निम्मे पुन्हा. आणि पाचाच्या वर लिहीत नाही. मुहूर्ताला गुरुजी "तदेव लग्नं" सुरू करतात, तुमचं सहावं कडवं खिशातच राहतं आणि पैसे का दिले म्हणून नंतर कुरकुर होते.

पराग: माझं निराळंच. साहेबांना निवृत्तीचं भाषण लिहून दिलं. त्यांनी पहिला परिच्छेद वाचला, कागद घडी करून ठेवला आणि पाऊण तास स्वतःच्या बदल्या सांगितल्या. पैसे पूर्ण दिले हो, पण लोक मला विचारतात, ते तूच लिहिलंस ना?

वाईकर काका: परक्याकडून घ्या, माझी हरकत नाही. नात्यात नको.

नवखी: तीच तर गोची. वरमाय माझ्या जावेची मावशी. आणि यादी घेतलीच नव्हती, तीन वेळा नावं बदलली.

लघुगुरू: तीन वेळा? मग 3000 कमीच झाले. पण आता वाढवू नका, सांगितलेला आकडा तो सांगितला.

मुक्तछंद: जावेला विचारून बघा. तिनं तोंड वाकडं केलं तर पाकीट घ्या.

स्वाती: उखाणा हवाय, नाव "ऋग्वेद". रविवारपर्यंत मिळेल का? फुकटच असतो ना?