आमंत्रणाच्या स्क्रीनशॉटवरून कॅलेंडरमध्ये नोंद : भरवशाची पद्धत सुचवावी

प्राजक्ता_नाशिकरोड

नमस्कार. मी नाशिकरोडच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि विभागाच्या वतीने चर्चासत्रांच्या आमंत्रणांची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. ही आमंत्रणे जवळजवळ सगळीच व्हॉट्सॲपवर चित्ररूपात येतात, आणि कधी कधी तर ते चित्रही नसते, कोणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट असतो. माझा फोन अँड्रॉइड आहे, दोन सहकाऱ्यांकडे आयफोन आहेत. चित्रावरून तारीख, वेळ आणि स्थळ कॅलेंडरमध्ये नेण्याची अशी पद्धत हवी आहे की जिच्यावर पुन्हा शंका घ्यावी लागणार नाही. आमंत्रणे साधारण कशी असतात ते कळावे म्हणून एक नमुना मीच रचून खाली देत आहे.

> एकदिवसीय चर्चासत्र
> शनिवार, दि. ०७/०३/२०२६
> नोंदणी व चहापान : सकाळी ९.३० ते १०.३०
> उद्घाटन : सकाळी ठीक १०.३० वा.
> स्थळ : कालिदास कलामंदिर
> नावनोंदणीची अंतिम तारीख : २५/०२/२०२६

आयफोनवाला_इंदिरानगर

मॅडम, आयफोनवर हा प्रश्न उरलेलाच नाही. स्क्रीनशॉट फोटोंमध्ये उघडावा, चित्रातील तारखेवर बोट दाबून धरावे, Create Event असा पर्याय येतो, तो निवडला की तारीख आणि वेळ आपोआप भरलेली नोंद समोर उभी राहते. काहीही टाइप करावे लागत नाही. सहकाऱ्यांना एवढेच सांगावे.

गोदाकाठ

वरील सांगणे इंग्रजी आमंत्रणापुरते बरोबर आहे, आणि तेही तारीख '7 March 2026, 10:30 AM' अशी महिन्याच्या नावासह छापलेली असेल तर. मॅडमच्या नमुन्यात आकडे देवनागरी आहेत, वेळेपुढे 'वा.' आहे आणि सकाळ-संध्याकाळ शब्दांत लिहिलेली आहे. अशा मजकुरावर तो पर्याय येईलच असे धरून चालू नये. समजा हाच नमुना इंग्रजी आकड्यांत आला, तरी '07/03/2026' ही तारीख फोनमधील प्रदेश अमेरिका ठेवलेला असल्यास ३ जुलै अशी वाचली जाऊ शकते. पुष्कळांच्या फोनमध्ये भाषा आणि प्रदेश पहिल्या दिवशी जे निवडले गेले तेच वर्षानुवर्षे राहते, म्हणून आयफोनवर General मधील Language & Region येथे प्रदेश India आहे ना, हे आधी पाहावे.

माझ्या मते याहून मोठी अडचण वेगळी आहे. या एका आमंत्रणात तारखा दोन आहेत आणि वेळाही दोन आहेत. कोणती तारीख कार्यक्रमाची आणि कोणती नावनोंदणीची, हे यंत्राला शब्दांवरून नेहमी कळतेच असे नाही. ते अनेकदा जे पहिले सापडेल किंवा ज्यावर आपले बोट पडेल ते उचलते. म्हणून चित्रातून फक्त मजकूर उचलावा, तारीख आणि वेळ मात्र स्वतःच्या हाताने निवडावी, असे मी सुचवीन.

अँड्रॉइडवर स्क्रीनशॉट गूगल फोटोजमध्ये उघडून लेन्सचे चिन्ह दाबावे, सगळा मजकूर निवडून कॉपी करावा. लेन्सला देवनागरी वाचता येते. मग गूगल कॅलेंडरमध्ये नवी नोंद उघडून तो मजकूर जसाच्या तसा वर्णनाच्या रकान्यात पेस्ट करावा, कारण पुढे शंका आली तर मूळ शब्द तेथेच हाताशी असतात. त्यानंतर तारखेच्या रकान्यावर बोट ठेवून महिन्याच्या पानावरून ७ मार्च निवडावी आणि ती निवडताच वार पाहावा. आमंत्रणात शनिवार छापलेला आहे आणि ७ मार्च २०२६ रोजी शनिवारच आहे. चुकून ३ जुलै निवडली गेली असती तर तेथे शुक्रवार दिसला असता. वार हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे आणि मराठी आमंत्रणांत तो बहुधा छापलेला असतोच.

देवनागरी आकड्यांत विशेषतः १ आणि ९ सांभाळावेत. नक्षीदार अक्षरांत ११ चे १९ होणे सहज शक्य असते. अशी चूक तारखेत झाली तर आठ दिवसांचा फरक पडतो, म्हणजे वार एकाने पुढे सरकतो आणि लगेच लक्षात येतो.

सातपूरचा_समीर

माझे प्रकरण थोडे निराळे आहे, तरी येथेच विचारतो. मला एका ऑनलाइन चर्चासत्राचे आमंत्रण आले आहे, वक्ते दुबईत आहेत आणि चित्रावर '6 PM GST' असे लिहिले आहे. जीएसटी म्हणजे शुल्काचा काही भाग असावा असे वाटून मी सरळ सायंकाळी ६ ची नोंद केली आहे. तेच चालेल ना?

गोदाकाठ

समीर, तो कर नाही, ती आखाताची प्रमाण वेळ आहे. ती आपल्यापेक्षा दीड तास मागे चालते, त्यामुळे तेथे सायंकाळचे ६ वाजतात तेव्हा आपल्याकडे ७.३० झालेले असतात. नोंदीत वेळेच्या रकान्याजवळ टाइम झोन बदलण्याची सोय असते, तेथे दुबई निवडून ६ लिहावे म्हणजे तुमच्या फोनवर ती नोंद ७.३० लाच दिसेल. स्वतः बेरीज करून ७.३० लिहिलेत तरी हरकत नाही, मात्र प्रवासात फोनचा टाइम झोन बदलला तर दोन्ही पद्धतींत नोंद नव्या ठिकाणच्या वेळेनुसार दिसेल, तेव्हा गोंधळून जाऊ नये. मॅडमच्या प्रश्नाशी याचा संबंध एवढाच की सभागृहातील कार्यक्रमाला ही काळजी लागत नाही.

पंचवटी_लिपिक

वार तपासण्याच्या उपायाबद्दल एक शंका आहे. नमुन्यातील महिना ०३ आहे. देवनागरीत २ आणि ३ यांतही सहज गल्लत होते. ०३ च्या जागी ०२ वाचले गेले तर ७ फेब्रुवारी २०२६ निघते, आणि तो दिवसही शनिवारच आहे. २०२६ चा फेब्रुवारी २८ दिवसांचा, म्हणजे बरोबर चार आठवड्यांचा असल्यामुळे फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांतील वार तंतोतंत जुळतात. मग तुमचा पहारेकरी तेथे झोपलेलाच राहणार.

गोदाकाठ

शंका अगदी रास्त आहे आणि हा मुद्दा माझ्या लिहिण्यात आला नव्हता. लीप वर्ष सोडून कोणत्याही वर्षी फेब्रुवारी-मार्चचे असे होते, आणि मार्च व नोव्हेंबर यांचे वार तर दरवर्षीच जुळतात. अशा वेळी आमंत्रणातील दुसऱ्या तारखेचा आधार घ्यावा. येथे नावनोंदणीची शेवटची तारीख २५ फेब्रुवारी आहे, तेव्हा कार्यक्रम ७ फेब्रुवारीला असूच शकत नाही. दुसरी तारीख नसेल तर चित्र मोठे करून महिन्याचा आकडा डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

ही २५ फेब्रुवारीची तारीख त्याच नोंदीच्या वर्णनात पडून राहू नये, तिची स्वतंत्र, पूर्ण दिवसाची नोंद करावी आणि तिची आठवण दोन दिवस आधीची लावावी. कार्यक्रमाची नोंद अचूक आहे पण नावनोंदणी करायची राहून गेली, असे होणे काही फार दुर्मीळ नाही.

सिडको_सुलभा

स्थळाविषयी कोणीच काही म्हटलेले नाही, म्हणून लिहिते. नमुन्यात नुसते 'कालिदास कलामंदिर' आहे. ठिकाणाच्या रकान्यात टाइप करू लागले की नकाशा खाली नावे सुचवतो, आणि मुलुंडलाही महाकवी कालिदास नाट्यमंदिर आहे. घाईत त्याच्यावर बोट पडले तर निघण्याच्या वेळी नकाशा मुंबईचा रस्ता दाखवील. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे तर तसेच आहे, त्यांच्या नावाच्या वास्तू मुंबईतही आहेत आणि पुण्यातही. म्हणून आमंत्रणावर गाव छापलेले नसले तरी मी 'महाकवी कालिदास कलामंदिर, शालिमार, नाशिक' असे पूर्ण लिहिते आणि सुचवलेल्या नावाखालील पत्त्यात नाशिक दिसल्यावरच ते निवडते. कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणी सभागृहाचे नाव शीर्षकात आणि स्मारकाचे नाव ठिकाणात ठेवलेले बरे, कारण नकाशाला इमारत सापडते, आतले दालन सापडेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. गूगल कॅलेंडरमध्ये आठवण अर्धा तास आधीची ठरलेली असते. सिन्नरहून शालिमारला येणाऱ्या माणसाला, त्यातही शनिवारी गाडी लावायला जागा शोधायची असेल तर, त्या आठवणीचा काय उपयोग? मी आदल्या संध्याकाळची एक आणि दोन तास आधीची एक, अशा दोन लावते.

प्राजक्ता_नाशिकरोड

सर्वांचे आभार. गोदाकाठ सरांची पद्धत मी या नमुन्यावर करून पाहिली. लेन्सने मजकूर नीट उचलला, फक्त 'ठीक १०.३०' मधील टिंब गळून '१०३०' झाले. वेळ हाताने निवडल्यामुळे त्याने काही बिघडले नाही. आता प्रश्न असा की एकदा केलेली नोंद विभागातील बाकीच्यांना कशी द्यावी? प्रत्येकाने चित्रावरून पुन्हा हेच करायचे म्हणजे चुकांना तितक्या वाटा.

गोदाकाठ

सगळ्यांकडे गूगल खाते असेल तर एक दुवा बनवून गटावर टाकावा. तो उघडला की समोरच्याच्या कॅलेंडरमध्ये भरलेली नोंद येते आणि त्याने फक्त जतन करायची असते.

```
https://calendar.google.com/calendar/render?action=TEMPLATE&text=Seminar&dates=20260307T103000/20260307T133000&ctz=Asia/Kolkata&location=Kalidas+Kalamandir+Nashik
```

यात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सलग लिहिलेली आहे, त्यामुळे ७ मार्च की ३ जुलै हा वादच उरत नाही. वेळ चोवीस तासांची आहे. वेळेच्या शेवटी Z हे अक्षर मात्र चुकूनही लिहू नये. ते लिहिले की वेळ ग्रीनिचची मानली जाते आणि सकाळी १०.३० चा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी ४ वाजता दिसू लागतो. शीर्षक मी मुद्दाम इंग्रजीत ठेवले आहे, कारण मराठी अक्षरे दुव्यात गेली की तो फार लांबतो आणि गटावर बेढब दिसतो. शेवटची वेळ आमंत्रणात दिलेली नाही, दुपारी १.३० मी अंदाजाने धरली आहे.

आयफोनवाला_इंदिरानगर

दुवा माझ्या फोनवर उघडला, पण गूगलचे ॲप नसल्यामुळे ब्राउझरमध्ये खाते विचारत आहे. आयफोनच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये त्याने काही आले नाही.

गोदाकाठ

येणारही नाही, हा दुवा गूगलपुरताच आहे. ज्यांना तो चालत नाही त्यांच्यासाठी .ics फाइल ईमेलने पाठवावी, ती आयफोनच्या मेलमधून सरळ कॅलेंडरमध्ये घेता येते.

पंचवटी_लिपिक

शेवटच्या वेळेपेक्षा मला सुरुवातीची वेळ खटकते. नोंद १०.३० ची का? नोंदणी ९.३० पासून आहे, तेव्हा माणसाने तेथे ९.३० लाच असायला हवे. नोंद ९.३० पासूनच करावी.

सिडको_सुलभा

मला ते पटत नाही. ९.३० लिहिले की सकाळचा एक तास कॅलेंडरमध्ये विनाकारण अडतो, आणि ज्याचे पहिले व्याख्यान नऊला आहे तो येणारच नाही असे विभाग धरून चालतो. उद्घाटनाची वेळ लिहून नोंदणीची वेळ शीर्षकातच 'नोंदणी ९.३० पासून' अशी घातली तर दोन्ही साधते.

प्राजक्ता_नाशिकरोड

आमच्या विभागातही यावर दोन मते आहेत. तूर्त मी १०.३० ठेवून शीर्षकात नोंदणीची वेळ घालते. .ics फाइल फोनवरूनच कशी तयार करावी हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे. माझ्याकडे महाविद्यालयाबाहेर संगणक नसतो.