कीव, कीव्ह की किएव्ह? एका पुस्तकात एक रूप कसं सांभाळायचं

मेधा : युक्रेनवरच्या इंग्रजी लेखांचं संकलन मराठीत आणते आहे. जुन्या लेखांत Kiev, Kharkov, Odessa, तर नव्यांत Kyiv, Kharkiv, Odesa. ज्या लेखात जे आहे ते ठेवू, की सगळीकडे एकच?

दिलीप : २०२२ च्या युद्धानंतर त्यांनी नावं बदलली. आपण बॉम्बेचं मुंबई केलं, तसंच. म्हणून जुन्या लेखात जुनं, नव्यात नवं.

अनघा : दिलीपराव, या तिन्ही शहरांची नावं तीच आहेत, बदललं ते इंग्रजी लेखन. आधीची रूपं रशियनवरून आली होती. Kyiv हे रूप युक्रेनने १९९५ मध्येच ठरवलं आणि असोसिएटेड प्रेसने ते २०१९ मध्ये घेतलं, म्हणजे दोन्ही गोष्टी २०२२ च्या आधीच्या. रशियन वळणाच्या दोन नेहमीच्या खुणा : शेवटी -ov आणि मध्ये g. Chernigov मध्ये दोन्ही आहेत; युक्रेनियनवरून लिहिलं की Chernihiv होतं. खरं नामांतर मात्र द्निप्रोपेत्रोव्स्कचं. २०१६ मध्ये ते शहर द्निप्रो झालं, पण प्रांताचं नाव तेव्हा बदललं नाही. तिथे तुमचा नियम बरोबर आहे : २०१० च्या लेखात जुनंच नाव आणि पहिल्या उल्लेखाला ‘आताचं द्निप्रो’. नुसत्या लेखनभेदाला सगळीकडे एकच रूप.

सायली : मी Kharkiv मध्येच मेडिकलला होते. आमच्या कागदांवर Kharkiv, पण शहरात रशियन बोलणारे खारकोवच म्हणायचे. काहीही ठरवा, सुरुवात ‘ख’नेच करा. कारकीव वाचलं की त्रास होतो.

मेधा : खारकीव्ह घेते. आणि राजधानी?

अनघा : कीव्ह. ‘कीव’ घेतलं तर ‘कीव आली’ शेजारी वाचताना अडखळायला होतं. आधीच्या मसुद्यात ‘कीव’ असेल, तर एकगठ्ठा बदल करू नका, नाहीतर ‘त्याची कीव्ह आली’ छापून येईल. एकेक जागा बघून बदला. आधी तक्ता करा : एका रकान्यात मूळ मजकुरातली सगळी इंग्रजी रूपं, दुसऱ्यात आपलं एक रूप, तिसऱ्यात अपवाद. पुस्तकांची नावं अपवादात, तिथे Kiev असेल तर Kiev च राहील. शेवटी टाळलेलं प्रत्येक रूप शोधा, आणि तेही प्रत्ययाशिवाय. नुसतं ‘किएव्ह’ शोधलं की ‘किएव्हमध्ये’, ‘किएव्हहून’ दोन्ही सापडतात.

मेधा : एक लेख १९४३ च्या लढाईवर आहे. तिथेही खारकीव्ह?

दिलीप : नाही! लष्करी इतिहासात ती ‘खारकोवची तिसरी लढाई’ म्हणूनच ओळखली जाते. वाचक शोधणार त्याच नावाने.

अनघा : मी खारकीव्हच लिहीन आणि सूचीत ‘खारकोव : पाहा खारकीव्ह’ अशी नोंद देईन. एकाच पुस्तकात एका शहराची दोन नावं झाली, तर ती दोन शहरं वाटतील.

दिलीप : लढाईच्या नावापुरतं तरी खारकोव ठेवा. मला हे पटत नाही.