होडीवरच्या स्पीकरवरचं गाणं: परवानगी कशाला?

खाडीकाठ: रापणीच्या मासेमारीवरचा आमचा माहितीपट तयार आहे. मालवणच्या नारळी पौर्णिमेच्या प्रसंगात होडीवरच्या स्पीकरवर १९६२चं सिनेगीत चाळीस सेकंद वाजतं. महोत्सवांत आणि दोन विद्यापीठांत दाखवणार, बिनतिकीट. साठ वर्षं उलटली, गाणं आम्ही लावलंही नव्हतं. मग परवानगीची कटकट कशाला?

दर्यावर्दी: "आम्ही लावलं नव्हतं" वाचून डोकं सटकलं. संकलनात ठेवलंत ना? आपल्या कायद्यात मागे सहज दिसणाऱ्या चित्राला, मूर्तीला सूट आहे. मागे वाजणाऱ्या गाण्याला तशी सूट लिहिलेली नाही. साठ वर्षांचा हिशेबही अर्धाच. १९६२ची ध्वनिमुद्रिका २०२२ अखेर मोकळी झाली, कबूल. पण शब्द आणि चाल यांची साठ वर्षं गीतकार-संगीतकार गेल्यावर सुरू होतात. गीतकार १९७७ला गेले असतील तर शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. परदेशी महोत्सवात तर तिथला कायदा.

कट्टेकरी: सभागृहाकडे परवाना असतो की! आमच्या गॅदरिंगला आजवर कोणी विचारलं नाही.

दर्यावर्दी: तो गाणं वाजवायचा परवाना. गाणं चित्रपटात बसवायचा हक्क वेगळा, तो हक्कदाराकडूनच लेखी घ्यायचा. जुन्या सिनेगीतांचे हक्क बहुधा संगीत कंपनीकडे असतात. पत्रात नुसतं "महोत्सव" लिहिलंत तर विद्यापीठातले खेळ त्यात धरले जातीलच असं नाही. "संस्थांतले बिनतिकीट खेळ" हे शब्द घाला, मुदत आणि देश लिहा. उद्या ओटीटीवर गेलात तर किती द्यायचे तेही आत्ताच ठरवा. चित्रपट गाजल्यावर विचारलंत की भाव वाढलाच.

पालखीवाला: कायदा सांगू नका. शिमग्यात आमच्या पालखीचा व्हिडिओ टाकला, दोन दिवसांत एका कंपनीचा दावा! गाणं आमच्या आज्यापणज्याचं!

आडीची सून: कंपनीचा हक्क तिच्या मुद्रणावर, तुमच्या गाण्यावर नाही. मुद्रण स्वतःचं आहे असं लिहून हरकत घ्या.

पालखीवाला: घेतली. महिना झाला, काय ता उत्तर नाय.

कट्टेकरी: म्हणजे खाडीकाठनेही पारंपरिकच घ्यावं. फुकट.

आडीची सून: फुकट? माझे सासरे भजनीबुवा. त्यांनी दहा वर्षांपूर्वी बांधलेली चाल लोक "पारंपरिक" म्हणून खुशाल वापरतात. हाक ना बोंब. आधी विचारा चाल कुणाची, मग गाणाऱ्यांची लेखी संमती घ्या आणि मानधन द्या.

पालखीवाला: बुवांची चालही कुठल्यातरी जुन्या चालीवरूनच आली ना?

आडीची सून: सासऱ्यांसमोर येऊन बोला.

खाडीकाठ: पालखी पुरे! आवाज बदलायचा म्हटलं तर ते गाणं वाजत असतानाच नाखवा बोलतोय. दोन्ही एकाच माइकवर.

दर्यावर्दी: मग तेवढं बोलणं त्याच्याकडून पुन्हा घ्या, शांत जागी. लाटांचा नुसता आवाज पाच मिनिटं वेगळा मुद्रित करा आणि खाली लावा. पण लोक ठेक्यावर नाचताना दिसत असतील तर फसवाफसवी कळेल.

खाडीकाठ: नाचतायत. धन्य तुमची. कंपनीला पत्र लिहितो, नाखव्यालाही फोन करतो. तो आता गलबतावर, दिवाळीनंतर येणार.