आईचे १४ लाख आणि पाटीवरचं ‘शेड्यूल्ड बँक’

प्रेषक: मेधा

सर्वांना नमस्कार,

आई सांगलीला एकटी असते. जुना गाळा विकून आलेले १४ लाख तिला मुदत ठेवीत टाकायचे आहेत. ओळखीतल्या एका गृहस्थांनी बँक सुचवली आहे. साडेआठ टक्के व्याज आणि ज्येष्ठांना वर अर्धा टक्का. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘शेड्यूल्ड बँक’ लिहिलंय म्हणून आई निर्धास्त आहे. तिने ठेवीच्या अर्जाचा फोटो पाठवला, त्यात तळाशी बारीक अक्षरात ‘को-ऑप. लि.’ दिसतं. शेड्यूल्ड असली म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेइतकीच भक्कम समजायची ना? पुढच्या आठवड्यात ती चेक देणार आहे, म्हणून जरा घाई.

मेधा

---

प्रेषक: श्रीकांत

मेधा, काळजी करू नकोस. शेड्यूल्ड म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातल्या दुसऱ्या अनुसूचीत त्या बँकेचं नाव आहे. ते असंच मिळत नाही. शिवाय ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतोच. आईंना म्हणावं, एकाच शाखेत सगळे ठेवू नका. तीन शाखांत वाटले की १४ लाख पूर्ण सुरक्षित.

---

प्रेषक: विद्याधर

मेधाताई, श्रीकांतराव,

मी नोकरीची बरीच वर्षं सहकारी बँकांच्या हिशेबतपासणीत काढली, म्हणून सविस्तर लिहितो. अनुसूचीबद्दल श्रीकांतराव बरोबर सांगताहेत, शाखांबद्दल मात्र नाही. विमा प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मिळतो. सांगली, मिरज आणि कुपवाड अशा तीन शाखांत पैसे टाकले तरी बँक एकच, त्यामुळे तिन्हींची बेरीज होते आणि व्याजासकट ५ लाखच मिळतात.

दुसरं, अनुसूचीत व्यापारी बँका असतात तशाच मोठ्या नागरी सहकारी बँकाही असतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक शेड्यूल्डच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते. ती मर्यादा पुढे वाढत गेली, पण बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला जानेवारी २०२२ उजाडला, आणि ५ लाखांवरच्या ठेवीदारांची उरलेली रक्कम १० वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. म्हणजे पाटीवरच्या त्या शब्दावरून बँकेचा प्रकार कळत नाही.

तो कसा कळेल? आधी बँकेचं पूर्ण कायदेशीर नाव मिळवा. पाटीवरचं नाही, ठेव पावतीवर किंवा अर्जावर छापलेलं. सारख्या नावांच्या बँका महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, त्यामुळे एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तुम्ही भलत्याच बँकेची चौकशी करत बसाल. मग dicgc.org.in वर विमा असलेल्या बँकांची यादी उघडा. तिथे सरकारी, खासगी, स्मॉल फायनान्स, सहकारी असे वेगळे गट आहेत. नाव ज्या गटात सापडेल तो बँकेचा प्रकार. कुठेच सापडलं नाही तर तिथे पैसे ठेवू नका, मग व्याज कितीही असो.

त्यानंतर rbi.org.in वरच्या प्रसिद्धिपत्रकांत त्याच पूर्ण नावाने शोधा. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्देश, म्हणजे पैसे काढण्यावर वगैरे निर्बंध, लागू झाले असतील तर ते तिथे दिसतात. दंडाच्या बातम्याही दिसतील. केवायसीच्या त्रुटीवरून झालेला दंड बऱ्याच बँकांना होतो, त्याने घाबरू नका. ३५अ मात्र वेगळं प्रकरण आहे.

विद्याधर

---

प्रेषक: निखिल

मलाही एनआरई ठेव करायची आहे. कोणती स्मॉल फायनान्स बँक सध्या जास्त देते? आणि मेधा, आयएफएससी कोड बघ ना, लगेच कळतं. आमच्या गावच्या बँकेचा कोड एका मोठ्या खासगी बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे ती त्यांचीच असणार.

---

प्रेषक: विद्याधर

निखिल, हाच घोटाळा होतो. लहान सहकारी बँकेला एनईएफटीचं थेट सदस्यत्व नसलं की ती एखाद्या मोठ्या बँकेमार्फत उपसदस्य म्हणून व्यवहार करते. कोडची पहिली चार अक्षरं मग त्या मोठ्या बँकेची येतात. पैसे त्या वाटेने जातात एवढंच, तुमच्या ठेवीची जबाबदारी मोठ्या बँकेवर येत नाही. आता बँकांची संकेतस्थळं .bank.in वर आली आहेत. बनावट साइट ओळखायला त्याचा चांगला उपयोग होतो, पण ते सहकारी बँकांनाही मिळतं, तेव्हा प्रकार त्यावरून ठरवता येणार नाही.

व्याजदराचं दुसऱ्या कुणाला विचार.

---

प्रेषक: सुनंदा

माझ्या मोठ्या दिरांचे पैसे दोन वर्षं अडकलेत. तिथेही बाहेर मोठा फलक होता, काउंटर, पासबुक, लॉकर, सगळं बँकेसारखं. आम्ही सगळे तिला बँकच म्हणायचो. विम्यासाठी अर्ज कुठे करायचा, विद्याधरकाका?

---

प्रेषक: विद्याधर

सुनंदाताई, पासबुकावर ‘सहकारी पतसंस्था मर्यादित’ असं काही आहे का बघा. असेल तर ती बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि हा ठेव विमाही नसतो, त्यामुळे अर्ज करायला जागाच नाही. वाईट वाटतं हे लिहिताना. पतसंस्था राज्यातली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे आणि बहुराज्यीय असेल तर केंद्रीय निबंधकांकडे लेखी तक्रार करा. ठेवीच्या मूळ पावत्या कुणाच्याही हातात देऊ नका, प्रतीच द्या.

---

प्रेषक: श्रीकांत

शाखांचं माझं चुकलं, मान्य. पण काका, येस बँक तर व्यापारी होती, तिलाही मार्च २०२० मध्ये ५०,००० ची मर्यादा लागलीच की. मग प्रकार बघून मिळवलं काय?

---

प्रेषक: विद्याधर

प्रश्न रास्त आहे. विमा सगळीकडे सारखाच, ५ लाख. फरक अडचण आल्यावर दिसतो. येस बँकेत स्टेट बँक आणि इतर मोठ्या बँकांनी भांडवल घातलं आणि त्याच महिन्यात निर्बंध उठले. सहकारी बँकेला बाजारातून झटपट भांडवल उभं करता येत नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधली सगळी वर्षं लोकांनी वाट पाहिली. २०२१ च्या दुरुस्तीमुळे आता निर्बंध आल्यावर साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची सोय झाली आहे, पण ५ लाखांवरच्या पैशाला त्याचा उपयोग नाही.

स्मॉल फायनान्स बँक कंपनी कायद्याखालची असते, त्यामुळे भांडवल उभारणं सोपं जातं. तिची कर्जं मात्र बरीचशी लहान, विनातारण असतात. मी स्वतः तिथे विम्याच्या मर्यादेतच ठेवतो.

---

प्रेषक: श्रीकांत

माझं मत जरा वेगळं आहे. चांगल्या चाललेल्या स्मॉल फायनान्स बँकेत मी जास्तही ठेवीन. असो.

---

प्रेषक: मेधा

काका, यादी पाहिली. बँक सहकारी गटातच सापडली, पूर्ण नावानिशी. प्रसिद्धिपत्रकांत ३५अ चं काही नाही. आईला तिथला मॅनेजर लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे अजिबात नको म्हटलं तर ती ऐकणार नाही. साडेचार लाख तिथे आणि बाकीचे साडेनऊ राष्ट्रीयीकृत बँकेत, असं ठरतंय. साडेचार चालतील ना?

---

प्रेषक: विद्याधर

व्याज दर तिमाहीला हातात घेणार असतील तर चालतील. दोन वर्षं नऊ टक्क्यांनी साठवत ठेवले तर ५ लाख ३७ हजारांच्या आसपास जातात, म्हणजे वरचे विम्याबाहेर. आणि त्याच बँकेत आईंचं बचत खातं असेल तर त्यातली शिल्लकही याच ५ लाखांत धरतात, ते विचारून घ्या.

---

प्रेषक: मेधा

बचत खातं आहे, त्यात साठेक हजार आहेत. मग ठेव चार लाखांचीच करायला सांगते, व्याज तिमाहीला. आजोबांच्या काळातले शेअरही त्याच बँकेत आहेत म्हणे. तेही विम्यात धरतात का?

---

प्रेषक: विद्याधर

नाही. शेअर म्हणजे मालकीचा वाटा, ठेव नव्हे. बँक बुडाली तर ते पैसे सगळ्यांत शेवटी.