पहिलाच मेसेज नुसता 🙏 किंवा 👍, उत्तर द्यायचं की सोडून द्यायचं?

शब्दवेडी: मी भाषांतराची कामं घेते, त्यामुळे नंबर बऱ्याच जणांकडे आहे. परवा रात्री पावणेबाराला अनोळखी नंबरवरून नुसता 👍 आला. आधीचं काही बोलणं नाही, डीपी नाही. गेल्या आठवड्यात असाच कुणाचा तरी 🙏 आला होता. याचा अर्थ काय लावायचा नि काय लिहायचं?

सरळसोट: काहीही लिहू नका. ज्याला काम असतं तो दोन शब्द टाईप करतो. शिवाय फसवणारे लोक नंबर चालू आहे का बघायला असलंच काहीतरी टाकतात, तुम्ही उत्तर दिलंत की त्यांना कळलंच.

जुना_खेळाडू: नंबर चालू आहे हे कळलं तर कळू दे, पुढे लिंक किंवा ओटीपी मागितला तर ब्लॉक करा. पण धंद्याचा नंबर असेल तर गप्प बसणं महागात पडतं. आणि शब्दवेडी, दोन्ही एका मापाने मोजू नका. 🙏 ने बोलणं सुरू होऊ शकतं, तो नमस्कार असतो किंवा पुढे येणाऱ्या विनंतीची प्रस्तावना असते, म्हणून दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा मागून मजकूर येतो. 👍 ने बोलणं सुरू होत नाही. तो कशाला तरी होकार असतो, म्हणजे तुमचा प्रश्न दुसरीकडे कुठेतरी पडलेला असणार: ईमेलमध्ये, ग्रुपमध्ये, फोनवर, स्टेटसवर. आधी तिथे शोधा. काहीच सापडलं नाही तर मग चुकून गेला म्हणा, काही ॲपमध्ये लिहायची जागा रिकामी असली की सेंडच्या जागी अंगठाच असतो, खिशातूनसुद्धा जातो.

कायदा_कट्टा: अंगठ्याला हलकं घेऊ नका हां, कॅनडात कोर्टाने 👍 म्हणजे करारावरची सही धरलीय, जवसाचा सौदा होता, २०२३ चा निकाल. त्यामुळे तुमचाही करार झाला समजा!

जुना_खेळाडू: अर्धंच सांगताय. तिथे खरेदीदाराने कराराचा फोटो पाठवून ‘कन्फर्म करा’ म्हटलं होतं, त्यावर शेतकऱ्याचा अंगठा आला, आणि त्याच दोघांचे आधीचे करारसुद्धा ‘ओके’, ‘यप’ एवढ्यावरच झालेले होते. कोर्टाने तो सगळा मागचा संदर्भ बघितला. इथे मागे काही आहे का तेच माहीत नाही. उलट यातून धडा असा की आपण परत 👍 टाकायचा नाही, समोरच्याच्या डोक्यात काय आहे ते न कळता आपण हो म्हणून बसतो.

वैतागलेला_काका: आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी ४० हात जोडलेले येतात, त्यावर काय उपाय सांगा आधी 😡

सरळसोट: काका म्यूट करा, इथे पहिल्या मेसेजबद्दल चाललंय.

उशिरा_सुचलेलं: 🙏 बद्दल माझी फजिती सांगतो. वडील गेले तेव्हा स्टेटसला फोटो आणि तारीख टाकली होती. दोन दिवसांनी सेव्ह नसलेल्या नंबरवरून नुसता 🙏 आला, मी त्या गडबडीत ‘कोण? काय काम आहे?’ असं लिहून मोकळा. ते वडिलांचे जुने सहकारी निघाले, त्यांना शब्द सुचले नाहीत म्हणून तेवढंच पाठवलेलं. तेव्हापासून आधी आठवतो की मीच गेल्या दोन-चार दिवसांत काय टाकलंय. दुःखाची बातमी असेल तर त्या 🙏 मध्ये निरोप पूर्ण असतो, तिथे फक्त ‘आभारी आहे’ लिहायचं, प्रश्न विचारायचा नाही.

सरळसोट: हे पटलं. पण ते ओळखीचे होते हो. पूर्ण अनोळखी माणसाची उत्तरपत्रिका आपण का भरायची?

जुना_खेळाडू: भरायची नाहीच, कोरी परत द्यायची. 🙏 ला ‘नमस्कार, बोला’ बस झालं. ‘कोण आपण?’ ने माणूस दुखावतो, त्यापेक्षा ‘नंबर सेव्ह नाहीये, नाव सांगाल का?’ बरं. 👍 ला मात्र ‘हे नक्की कशाबद्दल?’ असं स्पष्ट विचारायचं.

शब्दवेडी: बापरे. ईमेल उघडून बघितलं. सोमवारी एका बाईंना ४० पानांचा दर आणि १० दिवसांची मुदत कळवली होती, खाली सहीत माझा नंबर आहेच. त्यांचाच असेल का? मग त्यांच्या हिशेबाने तर परवा रात्रीपासून दिवस मोजायला सुरुवात झालीय.

जुना_खेळाडू: अंदाजावर काम सुरू करू नका आणि मेसेजमध्ये त्यांचं नाव पण घेऊ नका, दुसरंच कुणी असेल तर गिऱ्हाईकाची माहिती भलत्याला जाईल. त्या नंबरला ‘नमस्कार, मी भाषांतराची कामं करते, तुमचा 👍 मिळाला, हा कोणत्या कामाबद्दल आहे?’ आणि बाईंना वेगळी ईमेल, ‘काम सुरू करू का?’

सरळसोट: मी असतो तर फक्त ईमेल केली असती. नंबरला नाहीच.

शब्दवेडी: दोन्ही पाठवलं. ईमेलला अजून उत्तर नाही. आणि त्या नंबरवरून आत्ता 🙏 आलाय 😐