नोझलचा धक्का: दाब वेगळा मिळवायचा का?

> "पाण्याच्या संवेगामुळे मागे धक्का बसतो हे पटलं. पण होजमधल्या दाबाचं बल त्यात वेगळं मिळवायचं की नाही?"

नाही मिळवायचं. आग विझवताना नोझल बंद असतं तेव्हा बघा: होज दाबाने टणक झालेला असतो, तरी अग्निशमन जवानाला मागे काहीच ढकलत नाही. दाब नोझलला पुढे रेटतो आणि होजचं कापड तेवढ्याच ताणाने मागे धरून ठेवतं.

आता आकडे घेऊ. ६३ मिमी होज, २० मिमी तोंड, नोझलपाशी दाब ५ बार. धार सुमारे ३२ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते, सेकंदाला जवळपास १० लिटर. गुणाकार केला की सुमारे ३१५ न्यूटन, म्हणजे ३२ किलोचं वजन.

गंमत अशी की पाणी नोझलला अजूनही पुढेच ढकलतं, साधारण १२७५ न्यूटनने. पण मागे होज सैल, वळलेला असेल, तर त्या वळणातल्या पाण्यामुळे कापडात १५९० न्यूटनचा ताण असतो आणि तो नोझलला मागे ओढतो. या दोन्हींतला फरक जवानाच्या हातात येतो: तेच ३१५. दाबाचा हिशेब त्यात आधीच झालेला आहे.

म्हणून नोझलमागचा होज काही मीटर सरळ आणि जमिनीला टेकलेला ठेवतात. बराचसा भार मग जमिनीचं घर्षण पेलतं. वळण अगदी पाठीशी असेल, तर सगळा जवानावर येतो. शिवाय नोझल झटक्यात उघडलं तर हे बल एकदम लागतं आणि पाय सुटतो, हळूहळू उघडावं.